साधा वॉल बॉक्स की स्मार्ट? आधी मेन स्विचकडे बघा

प्रश्न: आमच्याकडे सिंगल फेज कनेक्शन आहे, मेन एमसीबी 40 अँपिअरचा. इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे, ती एसी करंटवर 7.2 किलोवॅटपर्यंत चार्ज होते. रोजचं जाणं-येणं साधारण 50 किलोमीटर. वायरमन म्हणतो, भिंतीवर साधा 32 अँपिअरचा चार्जिंग बॉक्स लावा, बिघडायला काही नाही. शोरूमवाले म्हणतात, स्मार्टच घ्या, ॲपवर सगळं दिसतं. पुढच्या वर्षी दुसरी इलेक्ट्रिक गाडी येणार हे नक्की आहे. बोर्डापासून पार्किंग 22 मीटरवर, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील. घरात दोन एसी, 3 किलोवॅटचा गीझर आणि इंडक्शन शेगडी आहे. कोणता बॉक्स घ्यावा? आणि केबल बॉक्सला कायमची जोडलेली असावी की सुटी?

उत्तर: स्मार्ट घ्या, पण ॲपसाठी नको. घराचा एकूण लोड मोजून गाडीचा करंट आपोआप कमी-जास्त करणारा असेल तरच घ्या. ती सोय नसलेला ‘स्मार्ट’ बॉक्स हा ॲप जोडलेला साधा बॉक्सच. आणि वायरमन सांगतो तसा साधा बॉक्स 32 अँपिअरवर लावू नका. तोच बॉक्स 16 अँपिअरवर बांधून लावला, तर एका गाडीपुरतं तुमचं काम खरंच भागेल. केबल तुमच्या जागेत जोडलेली बरी.

आता हिशेब. मेनवर 40 अँपिअर आहेत. संध्याकाळी गीझर चालू असेल तर तो 13 अँपिअर घेतो, दोन एसी मिळून साधारण 13, इंडक्शनची मोठी चूल 9, आणि फ्रिज, दिवे, पंखे, टीव्ही मिळून 3. एकूण 38. म्हणजे सगळं एकदम चालू असताना गाडीसाठी जागा नाहीच. रात्री अकरानंतर चित्र पालटतं. दोन एसी आणि किरकोळ मिळून 16 अँपिअर, आणि 24 मोकळे. 32 चा बॉक्स पूर्ण जोरात चालला तर मध्यरात्रीही 48 होतात. 16 चा बॉक्स असेल तर 32, आणि मेन आरामात राहतो.

इथे एक गोष्ट फसवते. 40 चा एमसीबी 41 अँपिअरला लगेच पडत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार तो 1.13 पटीला, म्हणजे 45 अँपिअरला, तासभर तरी पडता कामा नये, आणि 1.45 पटीला, म्हणजे 58 ला, तासाभरात पडलाच पाहिजे. या दोन आकड्यांच्या मधे तो कधी पडेल हे त्याच्या तापमानावर ठरतं. संध्याकाळच्या 38 मध्ये 16 मिळवले की 54 होतात, म्हणजे नेमके याच मधल्या पट्ट्यात. बॉक्स बसवला त्या दिवशी वायरमन सगळं चालू करून दहा मिनिटं बघतो, काही होत नाही, तो निघून जातो. मग उकाड्याच्या एखाद्या रात्री पाऊण तासाने सगळं घर अंधारात जातं आणि दोष गाडीवर येतो. एमसीबी बदलून 63 चा टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यामागची वायर, मीटर आणि वीज कंपनीने मंजूर केलेला लोड तेवढा असल्याशिवाय एमसीबी वाढवला, तर तापायला फक्त वायर उरते.

तुम्हाला वीज लागते किती, तेही बघू. मध्यम आकाराची गाडी 100 किलोमीटरला साधारण 15 युनिट खाते. 50 किलोमीटरचे साडेसात, चार्जिंगमधली घट धरून साडेआठ. 16 अँपिअरवर, म्हणजे 3.7 किलोवॅटवर, हे दोन तास वीस मिनिटांत भरतं. 32 वर सव्वा तासाच्या आत. तुम्ही झोपलेले असताना या सव्वा तासाने काय वाचलं? अगदी 6 अँपिअरवरही, ज्याच्या खाली हे बॉक्स करंट देत नाहीत, सव्वासहा तासांत काम होतं. ‘7 किलोवॅटचा बॉक्स’ हा आकडा विक्रीच्या कागदावर जेवढा भारी दिसतो, तेवढा घरच्या पार्किंगमध्ये उपयोगी पडत नाही.

बॉक्स नेमकं करतो काय

भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीत असतो. घरातल्या एसी करंटचा बॅटरीला लागणारा डीसी तिथे होतो. डब्यात करंट जोडणारा-तोडणारा एक मोठा कॉन्टॅक्टर, गळतीवर लक्ष ठेवणारं सर्किट आणि गाडीशी बोलणारी एक बारीक तार असते. त्या तारेवरून बॉक्स सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल पाठवतो. सिग्नल किती टक्के वेळ ‘चालू’ आहे त्यावरून गाडी ओळखते की आपल्याला किती करंट घ्यायची मुभा आहे. 10 टक्के म्हणजे 6 अँपिअर, सुमारे 27 टक्के म्हणजे 16, सुमारे 53 टक्के म्हणजे 32. गाडीने त्या मर्यादेच्या आत राहायचं, एवढाच करार.

साधा बॉक्स हा आकडा एकदाच ठरवतो. डब्याच्या आत छोटे डिप स्विच किंवा गोल फिरणारा सिलेक्टर असतो, बसवताना तो 10, 13, 16, 20 किंवा 32 वर ठेवतात आणि झाकण लावतात. लोड मॅनेजमेंट असलेला, म्हणजे घराचा लोड मोजणारा बॉक्स हाच आकडा दर काही सेकंदांनी बदलतो. गाडीला तो बदल पाच सेकंदांत पाळावा लागतो. एमसीबी थोड्याशा जादा करंटला मिनिटांच्या हिशेबाने तापतो, त्यामुळे या पाच-दहा सेकंदांच्या उशिराने बिघडत काही नाही.

म्हणून साधा बॉक्स वाईट नाही. त्यात बिघडायला खरोखरच कमी आहे, सर्व्हर बंद पडला म्हणून तो अडत नाही. तुमची एकच गाडी असती आणि ती रोज अकरानंतरच चार्ज करायची असती, तर 16 वर बांधलेला साधा बॉक्स घ्या आणि वेळ गाडीच्या मेनूत लावा, असंच सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात. दुसरी गाडी येणार आहे, आणि कधीतरी संध्याकाळी सातला येऊन गाडी लावून दहाला परत निघायची वेळ येणारच. त्या तीन तासांत गीझर कोणी कधी लावला याचा हिशेब माणसाने ठेवण्यापेक्षा बॉक्सने ठेवलेला बरा.

लोड मोजणारा क्लॅम्प

बॉक्सला घराचा लोड कळतो तो मेनच्या वायरभोवती बसवलेल्या एका क्लॅम्पमुळे. कपडे अडकवायच्या चिमट्यासारखा उघडणारा, आत लोखंडी गाभा असलेला तुकडा. तो फेजच्या वायरवर बसवायचा आणि तिथून बॉक्सपर्यंत सिग्नलची तार न्यायची. काही कंपन्या क्लॅम्पऐवजी बोर्डात एमसीबी बसतात त्या पट्टीवर, म्हणजे डीन रेलवर, बसणारा छोटा मीटर देतात. काम तेच.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली अगदी साधी: क्लॅम्पमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर घातल्या जातात. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतो, वाचन जवळपास शून्य येतं, आणि बॉक्सला वाटतं घरात कोणीच नाही. दुसरी चूक जागेची: क्लॅम्प मेनवर न बसता एखाद्या फाट्यावर बसतो, आणि गीझरचा फाटा त्याच्या आधीच निघालेला असतो. बॉक्सला गीझर कधी दिसतच नाही.

तिसरी चूक शोधायला कठीण, म्हणून जरा सविस्तर. काही बॉक्स धरून चालतात की क्लॅम्प घराचा आणि गाडीचा मिळून एकूण करंट मोजतोय. काही धरून चालतात की तो फक्त घराचा मोजतोय, गाडीचा फाटा त्याच्या आधी निघालाय. बसवणाऱ्याने जागा एक निवडली आणि सेटिंग दुसरं ठेवलं, तर काय होतं ते तुमच्याच आकड्यांवर पाहा. मर्यादा 36 ठेवली आहे, रात्री घर 16 घेतंय. गाडीला 20 मिळायला हवेत. क्लॅम्प एकूण मोजतोय, पण बॉक्सला वाटतंय तो फक्त घराचा आकडा आहे. गाडी 20 घेऊ लागते, क्लॅम्प 36 दाखवतो, बॉक्स म्हणतो घरच 36 घेतंय, जागा शिल्लक नाही, आणि गाडी थांबवतो. थांबवल्यावर आकडा 16 वर येतो, बॉक्स म्हणतो 20 मोकळे, पुन्हा सुरू. दर मिनिटाला कॉन्टॅक्टरचा ‘खट्ट’ आवाज आणि ॲपवर करवतीच्या दात्यांसारखा आलेख दिसला, तर हेच झालंय. उलट चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही: क्लॅम्प फक्त घराचा मोजतोय आणि बॉक्स त्याला एकूण समजून त्यातून गाडीचा करंट वजा करतोय. मग त्याला नेहमीच जागा दिसते आणि तो पूर्ण 32 देऊन मोकळा होतो.

मर्यादा 40 ची 40 ठेवू नका, 36 ठेवा. मोजमापात थोडी चूक असते, आणि बंद डब्यात शेजारी तापलेले एमसीबी असले की मेनही लवकर पडतो.

क्लॅम्पची तार 22 मीटर न्यायची आहे. ती पॉवरच्या वायरबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. वेगळा पाइप घाला आणि त्यात नेटवर्कसाठी वापरतात ती पिळलेल्या जोड्यांची, शक्यतो आवरण असलेली केबल ओढा. काही मॉडेल हा निरोप वाय-फायवरून नेतात. बोर्ड घराच्या आत आणि बॉक्स बाहेरच्या भिंतीवर असेल तर ते टाळाच. वाय-फाय तुटलं की बॉक्स ठरलेल्या ‘सुरक्षित’ करंटवर उतरतो, बहुधा 6 अँपिअरवर, किंवा थांबतोच. सकाळी गाडी अर्धी भरलेली मिळते आणि कारण कुठेच दिसत नाही.

दुसरी गाडी आल्यावर

लोड शेअरिंग या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत दोन बॉक्स एका ठरावीक आकड्याची आपसात वाटणी करतात: दोघांत मिळून 32, दोन्ही गाड्या लागल्या तर 16-16, एक भरली की दुसरीला पूर्ण 32. घरात काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. दुसरीत आधी घराचा लोड वजा होतो आणि उरलेल्याची वाटणी होते. तुमच्या 40 च्या मेनवर पहिली कामाची नाही. दुकानात ‘लोड शेअरिंग आहे ना?’ असं विचारलंत तर दोन्हीला ‘हो’च म्हणतील. ‘क्लॅम्पचं वाचन आणि दोन बॉक्सची वाटणी एकाच वेळी चालते का?’ असं विचारा.

ही दुसरी पद्धत तुमच्या घरी कशी चालेल बघा. रात्री अकराला घर 16 घेतंय, मर्यादा 36, उरले 20. दोन्ही गाड्यांना दहा-दहा. प्रत्येकीला साडेआठ युनिट हवेत, 10 अँपिअर म्हणजे 2.3 किलोवॅट, तर पावणेतीनच्या आत दोन्ही तयार. त्याआधी नऊ वाजता मात्र इंडक्शन चालू आहे, गीझर बंद, घर 25 घेतंय. उरले 11. दोघींना किमान सहा-सहा, म्हणजे 12 लागतात, ते नाहीत. अशा वेळी चांगला बॉक्स एकीला 11 देतो, दुसरीला थांबवतो आणि काही वेळाने पाळी बदलतो. आणि 38 वाल्या संध्याकाळी दोन्ही थांबतात. हा बिघाड नव्हे, तेच त्याचं काम.

थांबण्याची एक अडचण गाडीकडून येते. काही गाड्या बराच वेळ थांबवून ठेवल्या की झोपी जातात आणि बॉक्सने पुन्हा करंट देऊ केला तरी उठत नाहीत. तुमची गाडी तशी आहे का हे दुसरा बॉक्स घेण्याआधीच तपासा: ॲपमधून चार्जिंग थांबवा, दोन तासांनी पुन्हा सुरू करा, गाडीला हात लावू नका. उठली तर ठीक. नाही उठली तर त्या गाडीला प्राधान्य द्या, म्हणजे थांबायची पाळी दुसरीवर येईल. प्राधान्य ठरवायची सोय सगळ्या बॉक्समध्ये नसते.

दोन बॉक्स एकमेकांशी बोलतात ते बहुतेक वेळा एकाच कंपनीचे, अनेकदा एकाच मालिकेतले असतील तरच. म्हणून पहिला निवडतानाच दुसऱ्याचा विचार करा. ओसीपीपी नावाचा सर्वांना खुला प्रोटोकॉल दोघांत असला तरी त्याने ते थेट एकमेकांना ओळखत नाहीत. वाटणी करायला मधे एखादा सर्व्हर लागतो. ओसीपीपीचा खरा फायदा वेगळा: उद्या कंपनीने ॲप बंद केलं, तर बॉक्स दुसऱ्या सेवेला जोडता येतो.

आता जरा विक्रेत्यांना न आवडणारं. तुमच्या वापराला दुसरा बॉक्स अत्यावश्यक नाही. दोन दिवसांची गरज 17 युनिट, 16 अँपिअरवर पावणेपाच तास. म्हणजे एकाच बॉक्सवर एका रात्री ही गाडी, दुसऱ्या रात्री ती, असं मजेत चालतं, केबल दोन्ही जागांना पोचत असेल तर. फक्त आज पाळी कुणाची हे घरात कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. काही महिने असं करून बघा, मग दुसऱ्या बॉक्सचं ठरवा. तेवढ्यासाठी एकच गोष्ट आज करा: भिंतीतून पाइप नेताना दुसऱ्या बॉक्सचाही रिकामा पाइप आणि आत ओढायची दोरी टाकून ठेवा.

आणि स्मार्ट बॉक्स वीज निर्माण करत नाही. दोन्ही गाड्या लांबच्या प्रवासाहून रिकाम्या आल्या आणि सकाळपर्यंत प्रत्येकीला 35 युनिट हवे असले, तर रात्रीचे 20 अँपिअर आठ तासांत 37 युनिटच देतात. दोघींची निम्मी गरज. हे तुमच्याकडे वारंवार होणार असेल तर प्रश्न बॉक्सचा नाही, मंजूर लोड वाढवण्याचा किंवा थ्री फेज घेण्याचा आहे. थ्री फेजमध्ये प्रत्येक फेजवर एक असे तीन क्लॅम्प लागतात, आणि दोन सिंगल फेज बॉक्स दोन वेगळ्या फेजवर टाकले की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

वेळापत्रक एकाच ठिकाणी

चार्जिंगची वेळ गाडीतही लावता येते आणि बॉक्सच्या ॲपमध्येही. दोन्हीकडे लावू नका. गाडी अकराची वाट बघते, बॉक्स बारापर्यंत करंट देत नाही. अकराला गाडीला काही मिळत नाही, ती चूक नोंदवून गप्प बसते, आणि बाराला बॉक्स तयार असतो तेव्हा कुणी घ्यायला नसतं. सकाळी बॅटरी होती तेवढीच. लोड मॅनेजमेंट असलेल्या बॉक्सवर वेळ बॉक्समध्ये ठेवा आणि गाडीला ‘जोडलं की लगेच घे’ वर सोडा. गाडीत फक्त 80 टक्क्यांची वगैरे मर्यादा ठेवा, कारण बॅटरी किती भरली हे एसीच्या साध्या सिग्नलवरून बॉक्सला कळतच नाही.

ॲपबद्दल विकणाऱ्याला एकच विचारा: इंटरनेट नसताना लोड मॅनेजमेंट चालतं का? क्लॅम्प थेट बॉक्सला तारेने जोडलेला असेल आणि हिशेब बॉक्समध्येच होत असेल, तर उत्तर ‘हो’ असतं. क्लॅम्पचा आकडा सर्व्हरवर जाऊन परत येत असेल, तर तो बॉक्स घेऊ नका.

जोडलेली केबल की सुटी

सुट्या केबलच्या बॉक्सला फक्त सॉकेट असतं, केबल तुमची. दोन्ही टोकं टाइप 2 प्रकारच्या प्लगची, चार्जिंग चालू असताना दोन्हीकडे लॉक होतात. त्या केबलच्या प्लगमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो, त्यावरून केबल किती करंटची आहे ते बॉक्सला कळतं: 220 ओहम म्हणजे 32 अँपिअरची, 680 ओहम म्हणजे 20 ची. बॉक्स 32 चा, मेनवर जागा आहे, तरी गाडी 20 च्या वर जात नाही, अशी तक्रार येते तेव्हा गाडीच्या डिकीतली 20 ची केबल वापरली जात असते. बॉक्स बरोबरच वागत असतो.

सुटी केबल चांगली कुणाला? ज्यांचा बॉक्स रस्त्याच्या कडेला, उघड्यावर आहे आणि लोंबती केबल नको आहे. किंवा ज्यांच्या दोन गाड्यांची सॉकेट वेगळ्या प्रकारची आहेत. तुमची जागा घराच्या आवारात, रोजचा वापर. रोज डिकी उघडा, चिखल लागलेली केबल काढा, दोन्हीकडे लावा, सकाळी उलटं करा, याचा आठवड्याभरात कंटाळा येतो आणि मग माणसं केबल बॉक्सला तशीच लटकत ठेवतात. म्हणजे जोडलेलीच झाली, फक्त सॉकेटमध्ये पाणी आणि धूळ जायला जागा ठेवून. म्हणून तुम्ही जोडलेलीच घ्या. पण आधी दुसऱ्या गाडीचं सॉकेट त्याच प्रकारचं आहे ना, एवढं बघा.

तिचा तोटाही खरा आहे. प्लग जमिनीवर पडला, त्यावरून चाक गेलं, तो तडकला, तर नवी केबल सुटी आणून लावता येत नाही. वीज बंद करून डबा उघडून बदलावी लागते. त्यामुळे भिंतीवर प्लग अडकवायचा होल्डर आणि केबल गुंडाळायचा हूक बॉक्सबरोबरच लावून घ्या. होल्डर कमरेच्या उंचीवर, प्लगचं तोंड थोडं खाली झुकलेलं, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. चार्जिंग चालू असताना केबलची वेटोळी एकावर एक घट्ट ठेवू नका. 32 अँपिअर तासन्‌तास वाहिले की आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

लांबी अंदाजाने घेऊ नका. गाडी पुढून लावून आणि रिव्हर्स लावून, दोन्हीं वेळा बॉक्सच्या जागेपासून चार्जिंगच्या झाकणापर्यंत दोरी जमिनीवरून, गाडीला वळसा घालून न्या. जास्तीची लांबी घ्या, त्यात उंचीसाठी दीड मीटर मिळवा. बॉक्स दोन्ही गाड्यांच्या मधल्या भिंतीवर असेल तर बहुतेकांना 7.5 मीटर पुरते. 5 ची केबल एका बाजूच्या गाडीला ताणून लागते आणि ताणलेल्या प्लगच्या वजनाने गाडीचं सॉकेट झिजतं.

वायर आणि अर्थ लीकेज

आज करंट 16 वर ठेवणार असलात तरी वायर 6 चौरस मिलिमीटर तांब्याचीच ओढा. 22 मीटरवर 32 अँपिअर गेले तर तिच्यात साधारण 5 व्होल्ट पडतात, 230 च्या सव्वादोन टक्के, चालेल. 4 ची वायर टाकली तर पावणेआठ व्होल्ट, आणि ती सगळी घट वायर तापवण्यात जाते. बॉक्सला बोर्डातून स्वतःचा वेगळा फाटा, दुसरं काही त्यावर नको. 32 च्या बॉक्सला 40 चा एमसीबी लावतात. तुमचा मेनही 40 चाच असल्यामुळे फाट्यावर दोष आला तर दोन्हीपैकी कोण आधी पडेल सांगता येत नाही. बॉक्स 20 वर बांधून फाट्यावर 25 चा एमसीबी लावला, तर तुमच्या घरी काहीच कमी पडत नाही, कारण रात्री 20 च्या वर तसंही मिळणार नाही.

आरसीसीबी म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. घराच्या बोर्डात आधीपासून असलेल्या जुन्या एसी प्रकारच्या आरसीसीबीवर बॉक्स टाकू देऊ नका. गाडीच्या चार्जरमधून थोडा डीसी गळू शकतो. तो त्या आरसीसीबीच्या गाभ्याला असा भरून टाकतो की खरा शॉक बसतानाही तो पडत नाही, आणि वर चाचणीचं बटण दाबून ते नेहमी कळतंच असं नाही. बॉक्समध्ये 6 मिलिअँपिअरचं डीसी संरक्षण असेल (मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं), तर बाहेर 30 मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीसीबी पुरतो. नसेल तर बी प्रकारचा लागतो, तो बराच महाग, म्हणून स्वस्तातल्या बॉक्सची किंमत त्यासकट मोजा. दुसरा बॉक्स आला की त्याला वेगळा आरसीसीबी. दोन गाड्यांची नेहमीची बारीक गळती एकावर जमली की तो विनाकारण पडू लागतो.

पैसे देण्याआधीची चाचणी

वायरमन सामान आवरायच्या आधी, संध्याकाळी, गाडी निम्म्याहून कमी भरलेली असताना हे करून घ्या. गाडी लावा, करंट 20 वर स्थिर होऊ द्या. मग एसी, इंडक्शन आणि शेवटी गीझर एकेक करून चालू करा. दोन्ही एसी चालू झाल्यावरही 20 तसेच राहू शकतात, पण त्यापुढे प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंदांत गाडीचा करंट उतरला पाहिजे, आणि उरलेली जागा 6 च्या खाली गेली की थांबला पाहिजे. बंद करत गेलात की काही मिनिटांत परत चढला पाहिजे. वायरमनकडच्या टॉंगटेस्टरने मेनवरचा करंट मोजा आणि ॲपमधल्या आकड्याशी जुळवा. एखाद-दोन अँपिअरपेक्षा जास्त फरक असेल तर क्लॅम्पची जागा किंवा त्याचं सेटिंग चुकलंय.

त्यानंतर वायरमनलाच क्लॅम्प उघडून वायरवरून बाजूला काढायला सांगा. त्याची सिग्नलची तार तशीच राहू द्यायची, कारण काही क्लॅम्पच्या तारा वायरवर असताना सोडवणं धोक्याचं असतं. आता क्लॅम्प शून्य वाचतोय. बॉक्सने ‘गाडी 20 घेतेय आणि मेनवर शून्य कसं?’ हे ओळखून करंट उतरवला, तर बॉक्स चांगला. ओळखलं नाही तर क्लॅम्प वायरवरून काढलेला असतानाच, वीज बंद करून, सिग्नलची तार बॉक्सच्या टोकाला सोडवल्यावर काय होतं तेही एकदा तपासून घ्या: पुन्हा चालू केल्यावर बॉक्स 6 वर किंवा बंद राहिला पाहिजे. मग वीज बंद करून तार जोडा, आणि क्लॅम्प परत नीट बसवून, तो निसटू नये म्हणून प्लास्टिकच्या टायने बांधून घ्या.

शेवटी गाडी अर्धा तास सलग चालू ठेवून बोर्डातल्या फाट्याच्या एमसीबीवर आणि बॉक्सच्या झाकणावर हाताचा मागचा भाग लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिक तापल्याचा वास येत असेल, तर आतला एखादा स्क्रू सैल आहे किंवा वायरच्या टोकाला धातूची टोपी, म्हणजे लग, न लावता ती तशीच दाबली आहे. वीज बंद करून, स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कला पुन्हा आवळून घेतल्याशिवाय वायरमनला सोडू नका.